एका टॉवेल कारखान्याच्या वेबसाइटचा पत्ता बदलताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या एका कारखान्याची वेबसाइट मी सांभाळतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे बाहेरगावचे घाऊक व्यापारी शोधत शोधत थेट कारखान्याच्या वेबसाइटवर येतात, रंग आणि वजन पाहतात, ऑर्डर टाकतात आणि बिलाची पीडीएफ उतरवून घेतात. हे सगळं बरीच वर्षं भाड्याच्या एकाच सर्व्हरवर चालत होतं. तो बसला की दुकानच बंद. 2023 च्या पावसाळ्यात, मागणी मंद असताना, ही वेबसाइट एडब्ल्यूएसच्या क्लाउडवर हलवायचं ठरलं. त्यांचं मुंबईचं रीजन 2016 पासून चालू आहे आणि हैदराबादचं नोव्हेंबर 2022 मध्ये सुरू झालं होतं. सोलापूर या दोन शहरांच्या मध्ये आहे आणि कारखान्याचा मालही दोन्हीकडे जातो. त्यामुळे मुख्य दुकान मुंबईत आणि दुसरी प्रत हैदराबादला, असा बेत केला.

सर्व्हर उभे करणं हे त्यातलं सोपं काम होतं. खरं काम होतं लोकांना नव्या सर्व्हरकडे वळवण्याचं, आणि ते सगळं डीएनएसमधून होणार होतं. मालकांना बेत सांगितला तेव्हा ते म्हणाले, "आत्ता बदललं की आत्ता दिसायला पाहिजे की ओ! क्लाउड म्हणता ना?"

क्लाउडमध्ये रेकॉर्ड बदलायला मिनिटभरही लागत नाही, हे खरंच आहे. पण ग्राहकाचा मोबाइल आपल्या नेमसर्व्हरला कधीच थेट विचारत नाही. तो त्याच्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरला विचारतो. रिझॉल्व्हर आपल्या नेमसर्व्हरकडून एकदा उत्तर आणतो आणि ठरावीक सेकंद स्वतःजवळ ठेवतो. तेवढ्या वेळात ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला तेच साठवलेलं उत्तर मिळतं. ते किती सेकंद ठेवायचं हा आकडा म्हणजे टीटीएल, आणि तो उत्तराबरोबर आपणच पाठवलेला असतो.

म्हणून पहिल्यांदा जुना टीटीएल पाहिला. खरं नाव इथे देत नाही, नमुन्याचं नाव आणि नमुन्याचा पत्ता घालून दाखवतो:

```
$ dig www.example.com +noall +answer
www.example.com.  41873  IN  A  203.0.113.10
```

यातला 41873 हा शिल्लक वेळ आहे. थोड्या वेळानं तीच आज्ञा पुन्हा दिली की तो कमी झालेला दिसतो. मूळ आकडा हवा असेल तर `dig` च्या पुढे `@` लावून थेट आपल्या नेमसर्व्हरला विचारायचं. तिथे 86400 होता, म्हणजे पूर्ण एक दिवस. आधी काम पाहणाऱ्यानं तो तसाच राहू दिला होता आणि इतकी वर्षं पत्ता बदलायचा नसल्यामुळे त्याचं काही बिघडलंही नव्हतं.

आता हा आकडा 60 केला म्हणजे मिनिटभरात बदल पोहोचेल, असा समज इथे सहज होतो. पण ज्या रिझॉल्व्हरनं तासाभरापूर्वी 86400 सह उत्तर नेलं आहे, त्याला आपण आकडा बदलल्याचं कळायला काही मार्ग नाही. तो अजून तेवीस तास जुनंच उत्तर देत राहील. कमी केलेला टीटीएल लागू होतो तो जुना टीटीएल संपल्यानंतर. म्हणून क्रम असा ठेवावा लागतो: आधी फक्त टीटीएल कमी करायचा, पत्ता जुनाच ठेवायचा, जुन्या टीटीएलइतका वेळ जाऊ द्यायचा, मगच पत्त्याला हात लावायचा. डीएनएस ज्या जुन्या कंपनीकडे होतं तिच्या पॅनेलवर एका तासापेक्षा कमी आकडा लिहिताच येत नव्हता, म्हणून तिथे 3600 केला आणि एक पूर्ण दिवस तसाच जाऊ दिला.

पत्ता बदलण्याआधी आणखी एक पायरी होती. डीएनएसच जुन्या कंपनीकडून एडब्ल्यूएसच्या रूट 53 या सेवेत आणायचं होतं, कारण आम्हाला हवे होते ते राउटिंगचे प्रकार जुन्या पॅनेलवर नव्हते. रूट 53 मध्ये नवीन झोन करून सगळी रेकॉर्ड जशीच्या तशी उतरवली. वेबसाइटचं `A` रेकॉर्ड कुणी विसरत नाही. राहून जातात ती ईमेलची `MX` आणि तिच्या पडताळणीची `TXT` रेकॉर्ड. ती राहिली तर वेबसाइट झकास चालते आणि ऑर्डरीच्या मेल मात्र गुपचूप बंद होतात. जुन्या आणि नव्या नेमसर्व्हरला एकेक नाव `dig` नं विचारून उत्तरं जुळवली आणि मग रजिस्ट्रारकडे नेमसर्व्हर बदलले. `.com` च्या वरच्या पातळीवर नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल 172800 सेकंद असतो, म्हणजे दोन दिवस. तो आपल्या हातात नाही. ते दोन दिवस काही लोक जुन्या नेमसर्व्हरला विचारतात, काही नव्या. दोन्हीकडे तेच उत्तर असेल तर कुणाला काही कळत नाही. त्या काळात आम्ही एकही रेकॉर्ड बदललं नाही आणि जुनं खातंही बंद केलं नाही.

त्यानंतर `www` चा टीटीएल 60 केला आणि भारानुसार वाटणी सुरू केली. यात एकाच नावाची दोन रेकॉर्ड करतात आणि प्रत्येकाला 0 ते 255 मधला एक भार देतात. दोन्ही भारांच्या बेरजेत ज्याचा जितका वाटा, तितक्या वेळा ते उत्तर म्हणून दिलं जातं. आम्ही जुन्या सर्व्हरला 90 आणि मुंबईच्या नव्या सर्व्हरला 10 दिला. डेटाबेस आधीच मुंबईला नेला होता आणि जुना सर्व्हरही त्याच्याशीच बोलत होता. लॉगिनची नोंदही डेटाबेसमध्ये ठेवली होती, कारण वाटणी चालू असताना तोच ग्राहक एका मिनिटाला इकडे आणि पुढच्या मिनिटाला तिकडे जाऊ शकतो. हे केलं नसतं तर निवडलेला माल मध्येच गायब झाल्याच्या तक्रारी आल्या असत्या.

नव्या सर्व्हरचा लॉग उघडून बसलो तेव्हा दहा टक्के रहदारी संथ धारेसारखी आली नाही. काही मिनिटं जवळजवळ काहीच नाही, मग एकदम लोंढा, पुन्हा शांतता. कारण भार लागतो तो प्रश्नांना, माणसांना नाही. आमचे बहुतेक ग्राहक दोन-तीन मोबाइल कंपन्यांचे आहेत. त्यांच्यापैकी एका कंपनीच्या रिझॉल्व्हरनं एकदा विचारलं, त्या वेळी नव्याचं उत्तर निघालं, की पुढचं मिनिटभर त्या रिझॉल्व्हरमागचे सगळे व्यापारी नव्या सर्व्हरवर येतात. टीटीएल मोठा ठेवला तर हे लोंढे आणखी मोठे होतात, कारण प्रश्न कमी येतात आणि प्रत्येक उत्तराला जास्त लोक चिकटतात. दिवसभराची बेरीज घेतली तेव्हा वाटा दहाच्या आसपास आला. दहा मिनिटांचा आलेख पाहून मात्र काही ठरवण्यात अर्थ नव्हता. नव्या सर्व्हरची ताकदही दहा टक्के धरून चालत नाही, एका लोंढ्याइतकी तरी लागते.

या वाटणीचा खरा उपयोग दुसऱ्याच बाबतीत झाला. एका व्यापाऱ्याचा फोन आला की बिलावर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटतायत. नव्या सर्व्हरवर देवनागरी फाँटच बसवलेला नव्हता. नव्याचा भार 0 केला. रेकॉर्ड पुसायची गरज नव्हती, शून्य भाराचं उत्तर दिलंच जात नाही. (सगळेच भार शून्य केले तर मात्र सगळ्यांना सारखी वाटणी होते.) मिनिट-दीड मिनिटात नव्या सर्व्हरवरची रहदारी जवळजवळ थांबली, निवांत फाँट बसवला, एक बिल काढून पाहिलं आणि भार पुन्हा 10 केला. टीटीएल जुनाच एक दिवसाचा असता तर त्या व्यापाऱ्याला, आणि त्याच्या कंपनीचा मोबाइल वापरणाऱ्या बाकीच्यांनाही, उद्यापर्यंत चौकोनी बिलं मिळत राहिली असती.

पुढे भार 50-50 केला, मग नव्याला सगळा. तरी जुन्या सर्व्हरवर माणसं येतच राहिली. काही रिझॉल्व्हर फार छोटा टीटीएल मानत नाहीत, स्वतःचा मोठा आकडा लावतात. काही प्रोग्राम सुरू होताना एकदा पत्ता विचारतात आणि बंद होईपर्यंत तोच धरून ठेवतात. एका दुकानातल्या संगणकावर तर कुणीतरी `hosts` फाइलमध्ये जुना पत्ता हातानं लिहून ठेवला होता, त्याच्यापुढे कुठलाच टीटीएल चालत नाही. म्हणून जुना सर्व्हर लगेच बंद केला नाही. आलेली प्रत्येक विनंती मुंबईला पुढे पाठवायला त्याला लावलं आणि त्याचा लॉग शांत झाल्यावरच तो सोडला.

आता हैदराबाद. कॅटलॉगची छायाचित्रं जड असतात आणि ती फक्त पाहायची असतात, म्हणून त्यांच्यासाठी `catalog` असं वेगळं नाव केलं आणि ते दोन्ही रीजनमधून द्यायचं ठरवलं. इथे लॅटन्सीनुसार राउटिंग लावलं. एकाच नावाची दोन रेकॉर्ड, एकावर मुंबई रीजनची खूण, दुसऱ्यावर हैदराबादची.

हे नाव करताना एक गंमत झाली. मी रेकॉर्ड बनवण्याआधीच मालकांनी उत्साहानं मोबाइलवर ते नाव उघडून पाहिलं. नाव अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. नंतर रेकॉर्ड केलं, माझ्याकडे कॅटलॉग दिसू लागला, त्यांच्याकडे दिसेना. नाव नाही हेही एक उत्तर असतं आणि तेही साठवलं जातं. किती वेळ, हे झोनच्या `SOA` रेकॉर्डवरून ठरतं. रूट 53 मध्ये ते मुळात 900 सेकंद असतं, म्हणजे पंधरा मिनिटं. ती संपल्यावर त्यांच्याकडेही दिसलं. तेव्हापासून नवीन नाव आधी बनवतो आणि मगच कुणाला सांगतो.

सोलापूरहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे. त्यामुळे सोलापूरकरांना हैदराबादचं उत्तर मिळेल असं मालक धरून चालले होते. कारखान्यातल्या फायबरवरून विचारलं तर उत्तर मुंबईचं आलं. "हैदराबाद जवळ आहे की ओ," ते म्हणाले. रेल्वेनं जवळ आहे, पण इंटरनेट रेल्वेच्या नकाशावर चालत नाही. रूट 53 किलोमीटर मोजत नाही. कुठल्या जाळ्यातून कुठल्या रीजनला पोहोचायला किती मिलिसेकंद लागतात, याची एडब्ल्यूएसनं बऱ्याच काळात गोळा केलेली मोजमापं त्याच्याकडे असतात, आणि त्यांवरून ते उत्तर देतं. आमच्या फायबर कंपनीची वाट आधी मुंबईला जात होती, तिथून हैदराबाद लांबच पडतं. `ping` आणि `traceroute` नं ते दिसलंही. दुसऱ्या एका कंपनीच्या मोबाइलवरून त्याच टेबलावर बसून विचारलं तर हैदराबादचं उत्तर आलं.

यात दोन मर्यादा लक्षात ठेवाव्या लागतात. ही मोजमापं त्या क्षणाची नसतात. आज दुपारी एखादी केबल तुटली म्हणून उत्तर लगेच बदलत नाही. आणि दुसरं, रूट 53 ला दिसतो तो रिझॉल्व्हर, ग्राहक नव्हे. गूगलचा 8.8.8.8 ग्राहकाच्या पत्त्याचा सुरुवातीचा भाग सोबत पाठवतो, म्हणून उत्तर ग्राहकाच्या जाळ्यानुसार मिळतं. क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1 खासगीपणासाठी तो पाठवत नाही, त्यामुळे तिथे रिझॉल्व्हर जिथे असेल तिथलं उत्तर मिळतं. म्हणून एखाद्या गावाहून कॅटलॉग हळू उघडतो अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा विचारतो तो रिझॉल्व्हर कुठला लावला आहे ते.

शेवटचं आणि मालकांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे मुंबई पडली तर `www` आपोआप हैदराबादला जाणं. यासाठी फेलओव्हर राउटिंग: एक मुख्य रेकॉर्ड, एक राखीव, आणि मुख्यावर नजर ठेवणारी तपासणी. हैदराबादला आम्ही मुद्दाम फक्त वाचण्यापुरती प्रत ठेवली. माल दिसतो, फोन नंबर दिसतो, ऑर्डर घेतली जात नाही. कारण लोक एकाच सेकंदाला तिकडे जात नाहीत. टीटीएल संपेल तसे काही हैदराबादला जातात, काही अजून मुंबईलाच धडका देत असतात. दोन्हीकडे ऑर्डर लिहू दिली तर नंतर दोन वह्या जुळवत बसावं लागतं.

तपासणी लावली आणि पहिल्याच दिवशी तिनं चांगल्या चालणाऱ्या मुंबईला आजारी ठरवलं. आमच्या फायरवॉलवर भारताबाहेरच्या विनंत्या अडवल्या होत्या. रूट 53 चे तपासनीस सिंगापूर, टोकियो, सिडनी, आयर्लंड, अमेरिका आणि साओ पाउलो इथून विचारतात, त्यांत भारतातलं ठिकाणच नाही. त्यांचे पत्ते एडब्ल्यूएस जाहीर करतं, ते फायरवॉलमध्ये मोकळे केले. 18 टक्क्यांहून अधिक तपासनीस ठीक म्हणाले की सर्व्हर ठीक धरला जातो, त्यामुळे सिंगापूरच्या एखाद्या अडचणीनं आपलं दुकान हलत नाही.

तपासणी `www` या नावावर लावायची नाही, मुंबईच्या सर्व्हरच्या स्वतःच्या पत्त्यावर लावायची. नाहीतर नाव हैदराबादला गेल्यावर तपासणीही हैदराबादलाच पाहील आणि मुंबई बरी झाली असं सांगेल. तपासायला `/health` हे छोटं पान केलं. ते डेटाबेसला एक साधा प्रश्न विचारतं आणि उत्तर मिळालं तरच ठरलेला शब्द छापतं. नुसतं मुखपृष्ठ तपासलं असतं तर डेटाबेस बंद असतानाही सगळं हिरवंच दिसलं असतं. आणखी एक गोष्ट ही तपासणी पकडत नाही: एचटीटीपीएस प्रमाणपत्राची मुदत संपली तरी ती पास करते. ग्राहकाच्या ब्राउझरवर लाल इशारा आणि इथे सगळं ठीक. प्रमाणपत्राच्या मुदतीसाठी म्हणून वेगळी आठवण लावली.

मग कारखान्याचं ऑफिस बंद झाल्यावर एका रात्री मुंबईचा वेब सर्व्हर मुद्दाम थांबवला. हिशेब असा होता: तपासणी दर 30 सेकंदांनी, सलग तीन वेळा नापास झाल्यावर आजारी, म्हणजे साधारण 90 सेकंद, वर टीटीएलचे 60, एकूण अडीच मिनिटं. साधारण तसंच झालं. मोबाइलवर हैदराबादचं पान आलं. ऑफिसातलं बिलिंगचं सॉफ्टवेअर मात्र मुंबईचाच पत्ता धरून बसलं होतं, ते बंद करून पुन्हा चालू करावं लागलं. दर 10 सेकंदांची तपासणी घेता येते, त्यानं मिनिटभर वेळ वाचतो. टीटीएल 60 च्या ऐवजी दिवसाचा असता तर ते मिनिट वाचवूनही काही उपयोग नव्हता.

मालकांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्हीच हातानं बदलायचं, एवढं कशाला?" त्याचं कारण असं की चालू तपासणीवरून उत्तर फिरवण्याचं काम जगभर पसरलेले नेमसर्व्हर करतात. हातानं रेकॉर्ड बदलण्याची यंत्रणा मात्र व्हर्जिनिया रीजनवर अवलंबून आहे. पुढे 20 ऑक्टोबर 2025 ला, ऐन दिवाळीत, त्याच व्हर्जिनियात एडब्ल्यूएसच्या डायनॅमोडीबी या सेवेचं डीएनएस रेकॉर्ड त्यांच्याच स्वयंचलित यंत्रणेतल्या दोषामुळे रिकामं झालं आणि त्या रीजनवर उभ्या असलेल्या कितीतरी सेवा बसल्या. रेकॉर्ड पुन्हा भरल्यावरही ग्राहक परतले ते साठवलेली चुकीची उत्तरं संपतील तसे. संकटाच्या वेळी हातानं काही बदलावं लागू नये, अशीच मांडणी आधी करून ठेवावी.

आज आमची व्यवस्था अशी आहे. `www` आणि `catalog` यांचा टीटीएल 60, कारण ती कधीही फिरू शकतात. ईमेलच्या रेकॉर्डचा एक दिवस, कारण ती फिरत नाहीत आणि मोठा टीटीएल असला की आपला नेमसर्व्हर थोडा वेळ गेला तरी मेल अडत नाही. भार, लॅटन्सी आणि फेलओव्हर हे तिन्ही प्रकार फक्त उत्तर निवडतात. ते उत्तर रिझॉल्व्हरनं नेलं की त्याचा टीटीएल संपेपर्यंत आपल्या हातात काही राहत नाही. तुमच्या वेबसाइटचा पत्ता पुढच्या आठवड्यात बदलायचा असेल तर आजच `dig` करून टीटीएल पाहा, आणि तो दिवसभराचा असेल तर आजच कमी करा.